अल्कोहोल चाचणीत दूध फुटले, तर ते आंबलेलेच असते का?

भातकापणीच्या दिवसांत कोकणात ऊन तापते, हवेतला दमटपणा जात नाही आणि धार काढल्यावर दूध केंद्रावर पोहोचायला उशीर होतो. संकलन केंद्रावर अल्कोहोल चाचणीत दूध फुटण्याच्या तक्रारी अशा वेळी वाढतात. पण फुटलेले प्रत्येक दूध आंबलेले नसते. हा फरक न पाहता कॅन परत पाठवला, तर शेतकऱ्याचे नुकसान होते आणि गोठ्यातला दोषही तसाच राहतो.

चाचणी सोपी आहे. कॅनमधले दूध ढवळून स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत 5 मिली घ्या. त्यात 75 टक्के (आकारमानाने) अल्कोहोल 5 मिली घाला. नळी दोन-तीनदा उलटी-सुलटी करा आणि उजेडाकडे धरून काचेवरचा पातळ थर पाहा. थर एकसारखा असेल तर दूध ठीक. बारीक कण किंवा गुठळ्या चिकटलेल्या दिसल्या, तर चाचणी सकारात्मक.

95 टक्के स्पिरिटपासून हे द्रावण करायचे, तर 790 मिली स्पिरिटमध्ये पाणी घालून एकूण 1 लिटर करा. बाटलीचे बूच घट्ट लावा. उघड्या बाटलीतून अल्कोहोल उडते, द्रावण सौम्य होते आणि बिघडलेले दूधही पास होते. उलट, स्पिरिट स्वतःच आम्लयुक्त असेल किंवा नळीत जुन्या दुधाचा अंश राहिला असेल, तर चांगले दूधही फुटते. म्हणून खात्रीच्या ताज्या दुधावर रोज एकदा ताळा घ्या.

सकारात्मक आले की त्याच दुधाची आम्लता मोजा. 10 मिली दुधात फिनॉल्फ्थॅलीनचे थोडे थेंब टाकून 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोडा फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत सोडा. लागलेले मिली गुणिले 0.09, म्हणजे आम्लता टक्क्यांत. 2.3 मिली लागले, तर आम्लता सुमारे 0.21 टक्के. हे दूध खरेच आंबायला लागले आहे. उकळून पाहिले तर ते कदाचित फाटणारही नाही, म्हणून केवळ उकळण्यावर भरवसा नको. धारेची भांडी, वाटेतला वेळ आणि संध्याकाळचे दूध सकाळच्या दुधात मिसळले का, हे तपासा.

पण 1.5 मिलीच लागले, तर आम्लता सुमारे 0.14 टक्के, म्हणजे ताज्या दुधाइतकीच. इथे आंबणे नाही, दुधातल्या क्षारांचा तोल बिघडला आहे. कासदाह, नुकतीच व्यालेली किंवा आटत आलेली गाय, चाऱ्याची उपासमार ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी एकत्र दुधावर निष्कर्ष काढू नका. प्रत्येक जनावराच्या दुधाची चाचणी वेगळी घ्या, म्हणजे दोष कुठे आहे ते कळते. ज्या गाईचे दूध फुटते तिच्या चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या कापडावर काढा. गुठळ्या किंवा पाणचटपणा दिसला, तर पशुवैद्यकाला बोलवा आणि तिचे दूध वेगळे ठेवा. कास निरोगी असेल आणि नुसत्या भाताच्या पेंढ्यावर भागत असेल, तर ओला चारा, पेंड आणि क्षारमिश्रण सुरू करा.