रक्ततपासणीच्या अहवालातील ‘H’ आणि ‘L’ : डॉक्टरांच्या पुढच्या भेटीआधी या चुका टाळा

अहवाल हातात पडल्यापासून डॉक्टरांची भेट होईपर्यंत मधे दोन-चार दिवस जातात आणि त्या दिवसांत बहुतेक जण एकच गोष्ट करतात : ठळक अक्षरांत छापलेले किंवा ‘H’ म्हणजे जास्त, ‘L’ म्हणजे कमी अशी खूण असलेले आकडे शोधतात आणि उरलेला अहवाल न वाचताच बाजूला ठेवतात. या वाचनात दोन्ही बाजूंनी चूक होते. खूण असलेला आकडा निरुपद्रवी असू शकतो आणि खूण नसलेला आकडा महत्त्वाचा असू शकतो. हे नेमके कसे घडते, ते एका कल्पित अहवालावरून पाहू.

समजा, साठ वर्षांच्या एका बाईंचा अहवाल आला आहे. त्यात दोन ठिकाणी ‘H’ आहे : लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी ४४ टक्के (संदर्भ मर्यादा २० ते ४०) आणि पोटॅशियम ५.४ (मर्यादा ३.५ ते ५.१). मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, मर्यादा ०.६ ते १.१ छापलेली आहे आणि तिथे कोणतीही खूण नाही. बाईंना काळजी लागली आहे ती लिम्फोसाइटची.

पहिली चूक : खूण म्हणजे आजार असे समजणे

संदर्भ मर्यादा ठरवण्यासाठी निरोगी माणसांचा एक गट घेतला जातो. प्रयोगशाळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा किमान १२० व्यक्तींची शिफारस आहे. त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून सर्वांत खालचे अडीच टक्के आणि सर्वांत वरचे अडीच टक्के वगळले जातात, आणि मधले ९५ टक्के ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा अहवालावर छापला जातो. म्हणजेच त्या निरोगी गटातीलच शंभरांपैकी पाच जण व्याख्येनुसार मर्यादेबाहेर राहतात. एका अहवालात परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या असतील, तर पूर्ण निरोगी माणसाच्याही अहवालात किमान एक खूण येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. प्रत्यक्षात अनेक चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असल्याने हे प्रमाण कमी होते, तरीही मर्यादेच्या काठावरची एखादी खूण ही अपवादात्मक घटना नाही, हे ध्यानात ठेवावे.

साखर, कोलेस्टेरॉल यांच्या काही मर्यादा मात्र अशा पद्धतीने काढलेल्या नसतात. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसीसाठी ६.५ टक्के ही रेषा मधुमेहाच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेली आहे. त्यामुळे ‘पाच टक्के निरोगी लोक बाहेरच असतात’ हे समाधान तिथे लागू पडत नाही.

दुसरी चूक : टक्केवारी वाचणे आणि मूळ संख्या सोडून देणे

पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी एकूण शंभरात वाटलेली असते, त्यामुळे एक प्रकार कमी झाला की दुसरा न वाढताही वाढल्यासारखा दिसतो. या बाईंच्या एकूण पांढऱ्या पेशी ५,२०० आहेत. त्यांचे ४४ टक्के म्हणजे सुमारे २,२९०. लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या सर्वसाधारणपणे १,००० ते ३,००० च्या आसपास धरली जाते, म्हणजे ही संख्या अगदी मध्यावर आहे. बऱ्याच अहवालांत ही संख्या ‘ॲब्सोल्यूट काउंट’ या नावाने खाली वेगळी दिलेली असते. ज्या खुणेने बाईंची झोप उडवली, तिच्याबद्दल डॉक्टर बहुधा एक वाक्यसुद्धा बोलणार नाहीत.

तिसरी चूक : खूण नाही म्हणून आकडा वगळणे

माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. छापलेली मर्यादा अनेक माणसांसाठी असते, पण एका माणसाचा क्रिएटिनिन त्या पट्ट्याच्या एका लहानशा भागातच वर-खाली होत असतो. त्यामुळे तुलना करायची ती आधी स्वतःच्या जुन्या आकड्याशी आणि मग छापील मर्यादेशी.

बाईंनी कपाटातला वर्षापूर्वीचा अहवाल काढला, तर त्यात क्रिएटिनिन ०.७ सापडतो. दोन्ही आकडे मर्यादेत आहेत, दोन्हींवर खूण नाही, पण वाढ ५० टक्क्यांहून अधिक आहे. वय आणि लिंग धरून मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, काढला (२०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रानुसार) तर तो ०.७ ला सुमारे ९९ येतो आणि १.१ ला सुमारे ५८. सूत्र हेच असले, तरी धिप्पाड तरुण पुरुषाचा १.१ हा क्रिएटिनिन निर्धास्त करणारा ठरू शकतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतो.

याचा अर्थ मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार झाला, असा नव्हे. त्या निदानासाठी ६० च्या खालचा ईजीएफआर किंवा मूत्रपिंडाच्या बिघाडाची इतर खूण तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असावी लागते. जुलाब-उलट्यांमुळे शरीरातले पाणी कमी होणे, तपासणीआधी भरपूर मांसाहार करणे, काही औषधे घेणे, अशा कारणांनीही हा आकडा चढतो. तुलना करताना दोन्ही अहवालांतील एकक मात्र तपासावे : मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये हाच १.१ सुमारे ९७ असा दिसतो.

चौथी चूक : तळाचा शेरा न वाचणे

पोटॅशियमकडे आता वळू. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘नमुना किंचित हिमोलाइज्ड’ अशा अर्थाचा शेरा आहे. पोटॅशियम पेशींच्या आत भरपूर असते. रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या, की ते बाहेर येऊन आकडा खोटा वाढवते. दंडाला पट्टा बांधून मूठ पुनःपुन्हा आवळल्यानेही तो चढतो. एरवी अशा शेऱ्यासह आलेला ५.४ पुन्हा नमुना देऊन सहज निकालात निघाला असता. परंतु येथे क्रिएटिनिनही वाढलेला आहे आणि मूत्रपिंडाची क्षमता घटली तर पोटॅशियम खरोखरच साचते. एकच आकडा स्वतंत्रपणे वाचला असता, तर हा धागा सुटला असता.

शिवाय या बाई गेले सहा आठवडे गुडघेदुखीसाठी रोज आयबुप्रोफेन घेत आहेत. दुकानातून स्वतः आणलेली गोळी म्हणून त्यांनी ती डॉक्टरांना सांगितलेलीच नाही. या गटातील वेदनाशामके क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही वाढवू शकतात.

म्हणून भेटीला जाताना बाईंनी सोबत न्यायच्या गोष्टी अशा : मागचे दोन-तीन अहवाल तारखांसह, दुकानातून घेतलेल्या गोळ्या आणि पूरक औषधे धरून सर्व औषधांची मात्रेसह यादी, आणि रक्त देण्याआधीच्या आठवड्यात ताप, जुलाब किंवा उपवास झाला होता का याची नोंद. विचारायचे प्रश्न दोनच आहेत : ‘क्रिएटिनिन ०.७ वरून १.१ कशामुळे झाला असावा?’ आणि ‘पोटॅशियम नव्या नमुन्यावर कधी तपासायचे?’ वेदनाशामक गोळीबद्दल भेटीची वाट न पाहता फोन करून विचारावे. रक्तदाबाची वा इतर नियमित औषधे मात्र आकडा पाहून स्वतःहून थांबवू नयेत. पोटॅशियम वाढलेले असताना स्नायूंत अशक्तपणा आला, हृदयाचे ठोके अनियमित जाणवू लागले किंवा लघवी अगदी कमी झाली, अथवा आकडा धोक्याच्या पातळीचा असल्याचे प्रयोगशाळेने स्वतः कळवले, तर ठरलेल्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.