लहान मुलांच्या वॉर्डात इनटेक-आउटपुट चार्ट: जुलाब आणि लघवी वेगळी ठेवा

सकाळी बाळाचं वजन घ्या आणि ते चार्टच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. सलाईनचा आकडा पंपावरून घ्या. ओआरएस आणि दूध वाटीने नाही, मापाने मोजा. इंजेक्शन पातळ करायला वापरलेलं पाणी आणि लाईनमध्ये दिलेला फ्लश हेही आतच गेलेलं असतं, म्हणून तेसुद्धा इनटेकमध्ये धरा.

खरी गडबड आउटपुटमध्ये होते. 'डायपर ओला, ++' असं लिहिलेलं दिसलं की मला राग येतो. डायपर तोला. कोरा किती भरतो ते आधी त्याच्यावरच पेनाने लिहून ठेवा. ओल्याच्या वजनातून ते वजा करा आणि एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरा. बदलल्याबरोबर तोला, कारण उघडा पडलेला डायपर वाळतो आणि हलका भरतो. हातांना कोरडा वाटतो म्हणून सोडूही नका, आजकालचे डायपर ओल आत शोषून घेतात.

मी एकदा चुकले ती जागा पुढची आहे. जुलाब पाण्यासारखे असले की डायपरमध्ये लघवी किती आणि जुलाब किती, ते कळत नाही. मी सगळं लघवीच्या रकान्यात लिहीत गेले. आकडा छान दिसत होता आणि बाळ सुकत चाललं होतं. तेव्हापासून अशा बाळाला मी लघवीची चिकटपट्टीची पिशवी लावतेच. ती सुटली तर त्या डायपरपुढे 'मिश्र' लिहिते आणि तो आकडा लघवीत धरत नाही.

दहा महिन्यांच्या, आठ किलोच्या बाळाचं उदाहरण घ्या. आठ ते अकरा या वेळात पिशवीत ४८ मिली लघवी आली. तीन तासांत ४८ म्हणजे तासाला १६, आणि आठ किलोने भागलं की किलोमागे तासाला २ मिली. हे उत्तम. अकरा ते तीन या वेळात सलाईन १२० आणि ओआरएस ६०, मिळून १८० मिली आत गेलं. बाहेर आलं ते असं: उलटी ४०, जुलाब ९० (डायपर ११२ ग्रॅम, कोरा २२), लघवी १६. बेरीज १४६. नुसती बेरीज पाहणारा म्हणेल, हिशेब जुळतोय. पण लघवी चार तासांत १६, म्हणजे किलोमागे तासाला जेमतेम अर्धा मिली. जे बाहेर पडतंय ते जुलाबातून.

म्हणून दर तासाला बेरीज पुढे न्या, पण लघवीची बेरीज वेगळी ठेवा. बाळ तासातासाला लघवी करत नाही, तेव्हा एका कोऱ्या तासावरून घाबरू नका, चार तासांची सरासरी काढा. फाइलवर डॉक्टरांनी वेगळी मर्यादा लिहिली नसेल तर तान्ह्या बाळाची सरासरी किलोमागे तासाला १ मिलीच्या खाली गेली की फोन करा. मोठ्या मुलाला अर्ध्या मिलीच्या खाली. बाळ सुस्त पडलं, हातपाय गार लागले, उलटी हिरवी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर सरासरीची वाट पाहू नका. सलाईन चालू असताना श्वास वाढला किंवा पापण्या सुजल्या, तरी लगेच कळवा, तिथे पाणी जास्त झालेलं असू शकतं.

फोनवर 'लघवी कमी आहे' एवढंच सांगू नका. "वजन आठ किलो, चार तासांत लघवी १६, जुलाब ९०, उलटी ४०, आत १८०" असं सांगा.