पर्जन्यजल संकलनाची प्रतिकृती करताना या चुका टाळा : घर १:२० मध्ये, पण पाऊस?

सिव्हिलच्या सबमिशनमध्ये पर्जन्यजल संकलनाची प्रतिकृती हा विषय दरवर्षी कोणता ना कोणता गट घेतोच, आणि बहुतेक प्रतिकृती दिसायला नीटनेटक्या असल्या तरी परीक्षकांनी पाणी ओतायला सांगितले की त्यांची फजिती होते. गच्चीवर तळे साचते, नळीतून पाणी उतरत नाही, टाकी भरण्याआधीच टेबल भिजते. या बिघाडांसाठी विद्यार्थी सहसा गोंदाला किंवा नळीला दोष देतात. माझ्या पाहण्यात मात्र मूळ चूक बहुधा पहिल्याच दिवशी झालेली असते : प्रतिकृतीत कोणती गोष्ट प्रमाणात ठेवायची आणि कोणती ठेवता येणारच नाही, हे गटाने ठरवलेले नसते.

उदाहरणासाठी पुण्यातील १० मीटर × ८ मीटर गच्चीचे एक घर घेऊ. प्रमाण १:२० धरले, तर प्रतिकृतीची गच्ची ५० सेंमी × ४० सेंमी होते. पुण्याचा सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ७२० मिमी आणि काँक्रीटच्या गच्चीसाठी अपवाह गुणांक ०.८५ धरला, तर ८० चौ. मी. गच्चीवरून वर्षाला सुमारे ४९,००० लिटर पाणी मिळते. इथपर्यंतचे गणित प्रत्येक अहवालात बरोबर असते.

टाकीचे प्रमाण लांबीच्या प्रमाणाने काढणे

लांबी २० पटींनी लहान झाली की क्षेत्रफळ ४०० पटींनी आणि घनफळ ८,००० पटींनी लहान होते. हे सर्वांना ठाऊक असते, पण टाकी करताना विसरले जाते. अहवालात ५,००० लिटरची भूमिगत टाकी दाखवली असेल, तर प्रतिकृतीत ती ६२५ मिलिलिटरची हवी, म्हणजे आतून साधारण १२.५ सेंमी × १० सेंमी, आणि पाण्याची खोली ५ सेंमी. प्रत्यक्षात गट बाजारातून मिळेल तो दोन-अडीच लिटरचा प्लास्टिकचा डबा आणून बसवतो. दोन लिटरचा डबा म्हणजे प्रत्यक्षातील १६,००० लिटरची टाकी झाली. परीक्षकांनी पट्टी लावून डबा मोजला, तर अहवाल आणि प्रतिकृती दोन वेगळ्या घरांची आहेत हे लगेच उघड होते.

यातच आणखी एक बारकावा आहे. ६२५ मिलिलिटर ही क्षमता काठापर्यंतची नसून ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंतची असते. तसेच ५ सेंमी खोल टाकी जमिनीखाली बसवायची, तर पायाची फळी १२ मिमीच्या प्लायची असून चालत नाही. खाली ८ ते १० सेंमी उंचीचा पोकळ पेटीसारखा पाया आधीच करावा लागतो. अनेक गटांना हे घर चिकटवून झाल्यावर आठवते आणि मग भूमिगत टाकी अंगणात जमिनीवर येऊन बसते.

तांब्याभर पाणी एकदम ओतणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. ५० × ४० सेंमी गच्चीवर एक लिटर पाणी म्हणजे ५ मिमी उंचीचा थर, आणि १:२० प्रमाणात तो १०० मिमी पावसाइतका होतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस म्हणजे जोरदार पाऊस, त्यामुळे एक लिटर हे प्रात्यक्षिकासाठी योग्य माप आहे. चूक मापात नसून वेगात आहे.

गुरुत्वाने वाहणाऱ्या पाण्याच्या प्रतिकृतीत काळाचे प्रमाण लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाइतके धरतात. द्रवयांत्रिकीत शिकलेले फ्राउड साम्य ते हेच. २० चे वर्गमूळ सुमारे ४.५ आहे. म्हणजे दहा सेकंदांत एक लिटर ओतणाऱ्या विद्यार्थ्याने त्या घरावर ४५ सेकंदांत १०० मिमी पाऊस पाडला. इतक्या पावसात खरी पन्हळही ओसंडून वाहिली असती, त्यामुळे प्रतिकृतीची पन्हळ ओसंडली तर तो तिचा दोष नव्हे.

उलट बाजूने पाहिले, तर ताशी ६० मिमी या तीव्रतेच्या पावसासाठी प्रतिकृतीवर मिनिटाला जेमतेम ४५ मिलिलिटर पाणी पडायला हवे. इतकी बारीक धार प्लास्टिकवर थेंब होऊन चिकटून बसते आणि टेबलाभोवती उभ्या असलेल्यांना काहीच दिसत नाही. म्हणून इथे तडजोड करावी लागते : झाकणाला सुईने भोके पाडलेल्या बाटलीतून एक लिटर पाणी साधारण तीन मिनिटांत सबंध गच्चीवर फिरवून शिंपडावे आणि अहवालात स्पष्ट लिहावे की पाण्याचे घनफळ प्रमाणात आहे, पावसाची तीव्रता प्रमाणात नाही. हे एक वाक्य आधीच लिहिलेले असेल, तर तोंडी परीक्षेत बचाव करत बसावे लागत नाही.

गच्चीचा उतार जसाच्या तसा ठेवणे

काँक्रीटच्या गच्चीला १:१०० उतार दिला जातो, आणि उतार हे गुणोत्तर असल्याने प्रतिकृतीतही तो तसाच ठेवावा, असे तर्काने वाटते. भूमितीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण पाण्याचा पृष्ठताण काही २० पटींनी लहान होत नाही. अ‍ॅक्रिलिक किंवा सनबोर्डच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी दोन-तीन मिलिमीटर जाडीचे डबके करून स्वस्थ उभे राहू शकते. ५० मिमी पाऊस प्रतिकृतीत २.५ मिमी होतो, म्हणजे एका पावसाळी दिवसाचे बरेचसे पाणी गच्चीवरच अडकून पडू शकते. ५० सेंमी लांबीत १:१०० उताराने मिळणारा फरक केवळ ५ मिमी आहे, आणि मधोमध आधार नसलेला सनबोर्ड तेवढा सहज वाकतो.

ही चूक ओळखणे सोपे आहे. शिंपडणे थांबवल्यावर दोन मिनिटांनी गच्चीकडे आडव्या नजरेने पाहावे. पाणी पन्हळीच्या दिशेला साचले असेल, तर उतार ठीक असून नळीचे तोंड अडले आहे. मधोमध साचले असेल, तर पत्रा वाकला आहे. सगळीकडे विखुरलेली डबकी असतील, तर उतारच अपुरा आहे. त्यावर उपाय म्हणजे उतार मुद्दाम वाढवून १:३० च्या आसपास नेणे, म्हणजे ५० सेंमीला सुमारे १७ मिमी, आणि पृष्ठभागावर बारीक पॉलिश पेपर फिरवून गुळगुळीतपणा घालवणे. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादा थेंब टाकला तरी पाणी बरेच सैल वाहते, मात्र तसे केले असेल तर विचारल्यावर सांगून टाकावे.

नळीचीही हीच गत होते. ११० मिमीचा पाइप १:२० मध्ये ५.५ मिमीचा होतो, म्हणून मुले सलाइनची नळी आणतात. तिच्यात पाणी आणि हवेचे बुडबुडे आळीपाळीने अडकतात, बराच वेळ काहीच येत नाही आणि मग गुळगुळ आवाज करत थोडे पाणी एकदम उतरते. गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप, आतून ८ ते १० मिमीची, लावावी आणि ती शक्य तितकी सरळ खाली न्यावी. टाकीचे झाकण हवाबंद केले असेल तर तेही तपासावे. आतली हवा बाहेर जायला वाट नसेल, तर नळी कितीही मोठी घेतली तरी टाकी भरत नाही.

फर्स्ट फ्लश आणि फिल्टर

पहिल्या सरीतील धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा टाकीत जाऊ नये म्हणून सुरुवातीचे सुमारे १ मिमी पाणी बाजूला काढायचे ठरवले, तर या घरासाठी ते ८० लिटर होते, आणि प्रतिकृतीत फक्त १० मिलिलिटर. आतून २० मिमी व्यासाची नळी ३.२ सेंमी लांब घेतली की काम भागते. ते फार लहान दिसते म्हणून गट २०० मिलिलिटरची बाटली लावतात. ती बाटली प्रत्यक्षातले १,६०० लिटर, म्हणजे २० मिमी पाऊस फेकून देते. पाणी वाचवण्याच्या प्रकल्पात हे शोभत नाही.

फिल्टर मात्र घराच्या प्रमाणात करूच नये. प्रत्येकी ३० सेंमीचे थर १.५ सेंमीचे होतील आणि वाळूचे कण प्रमाणात लहान करायचे तर ती वाळू न राहता गाळ होईल. फिल्टर वेगळा, मोठ्या प्रमाणात, पारदर्शक बरणीत कापलेल्या छेदासारखा दाखवावा आणि त्यावर तसे लिहावे. खाली मोठे दगड, मध्ये खडी आणि वर जाडी वाळू हा क्रम ठेवावा, कारण मग गाळ वाळूच्या वरच्या थरात अडकतो आणि तेवढाच खरवडून काढता येतो. वाळू तळाशी घातली तर ती पाण्याबरोबर वाहून जाते. वाळू आणि खडीच्या मध्ये जाळी हवीच. आजकाल मिळणाऱ्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी भरपूर असते. ती पाच-सहा वेळा धुतली नाही, तर फिल्टरमधून आत गेलेल्या पाण्यापेक्षा गढूळ पाणी बाहेर येते. कोळशाचेही तसेच. शाई किंवा कुंकवाचे रंगीत पाणी ओतून फिल्टरची परीक्षा घेऊ नये. वाळू तरंगणारे कण अडवते, विरघळलेला रंग अडवत नाही.

गुणांक सिद्ध करायला जाणे

एका गटाने एक लिटर शिंपडले आणि टाकीत ६४० मिलिलिटर आले, तेव्हा घाबरून अहवालात ८५० लिहिले. अपवाह गुणांक ०.८५ हा खऱ्या काँक्रीटच्या गच्चीसाठी धरलेला आकडा आहे आणि प्लास्टिकची गच्ची तो दाखवायला बांधील नाही. तिथे तूट येते ती पृष्ठभाग ओला होण्यात, डबक्यांत आणि नळीत अडकलेल्या थेंबांत. कोरड्या गच्चीवर एकदा आणि लगेच ओल्या गच्चीवर दुसऱ्यांदा शिंपडून दोन्ही वेळचे पाणी मोजावे. दुसऱ्या वेळी ते जास्त येईल, आणि दोन आकड्यांतील फरक हाच सांगण्यासारखा मुद्दा आहे.

हिशोबाचा तक्ता मात्र घराचाच द्यावा : १०० मिमी पावसाचे ८५० मिलिलिटर, त्यातून फर्स्ट फ्लशचे १० गेले, टाकीत ६२५ राहिले आणि उरलेले २१५ मिलिलिटर, म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे १,७०० लिटर, ओव्हरफ्लोमधून शोषखड्ड्यात गेले. परीक्षकांसमोर टाकी ओसंडून खड्ड्यात पाणी जाताना दिसले पाहिजे. त्यासाठी ओव्हरफ्लोचे तोंड आत येणाऱ्या नळीपेक्षा खाली असावे लागते, आणि नेमके हेच अनेकदा उलटे झालेले असते.

गळती

ग्लू गनचा गोंद सांधा धरतो, पण पाणी धरत नाही. फेव्हिकॉलचा सांधा भिजला की मऊ पडतो. टाकी आणि पन्हळ यांचे सांधे आतून सिलिकॉन सीलंटने भरून किमान २४ तास हात लावू नये. सबमिशनच्या आदल्या रात्री सीलंट भरणाऱ्यांची टाकी सकाळी गळतेच. सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे आत बरोबर मापाचा अखंड डबा ठेवून बाहेरून सनबोर्डचे आवरण लावणे, मग सांध्याचा प्रश्नच उरत नाही. दोन दिवस आधी प्रतिकृती वर्तमानपत्रावर ठेवून, टाकी ओव्हरफ्लोपर्यंत भरून रात्रभर सोडावी. सकाळी कागद जिथे ओला दिसेल, त्याच्या वरचा सांधा आधी कोरडा करून मग पुन्हा भरावा, कारण ओल्या जागेवर सीलंट चिकटत नाही.