रिकॉल नोटीसचं पहिलं वाक्य

संक्रांतीला चार दिवस राहिले होते. मी एका खाद्यपदार्थ कंपनीच्या गुणवत्ता विभागात नुकतीच लागले होते. आमच्याकडे तीळगुळाच्या दोन प्रकारच्या वड्या बनायच्या, एक नुसत्या तिळाची आणि दुसरी दाण्याचं कूट घातलेली. दिसायला दोन्ही सारख्याच. रॅपरचा रोल बदलायचा राहिला आणि कुटाच्या वड्या नुसत्या तिळाच्या पाकिटात गेल्या. नंतर रोलचा हिशेब जुळेना, तेव्हा हे लक्षात आलं. तोवर माल दुकानांत पोहोचला होता.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईने पाकिटावरचे घटक वाचून, खात्री करूनच वडी घेतलेली असणार. म्हणून चुकीचं लेबल हाच इथला धोका. भारतात लेबलवर ठळक सांगाव्या लागणाऱ्या ॲलर्जीकारक पदार्थांत शेंगदाणा येतो, तो याचसाठी.

रिकॉलच्या, म्हणजे विकलेला माल परत मागवण्याच्या नोटिशीचा माझ्याकडे आलेला मसुदा असा सुरू होत होता: ‘गुणवत्तेशी तडजोड न करण्याच्या आमच्या परंपरेस अनुसरून, खबरदारीचा उपाय म्हणून, कंपनीने स्वेच्छेने काही बॅचेस परत मागविण्याचा निर्णय घेतला आहे.’ शेंगदाणा हा शब्द चौथ्या परिच्छेदात होता, तोही ‘लेबलवर नमूद नसलेला घटक’ या शब्दांमागे लपून. बॅच नंबर सगळ्यात खाली, सहीच्या वर.

मी सुरुवात अशी केली:

‘शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ही तिळाची वडी खाऊ नका. पाकिटावर लिहिलेलं नसलं तरी तिच्यात शेंगदाणा आहे. ॲलर्जी असलेल्याला ती खाऊन ओठ-चेहरा सुजू शकतो, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. बॅच नंबर: TG0107, TG0108, TG0109.’

यानंतर काय करायचं ते. पाकीट बाजूला काढा, दुकानात परत द्या, बिल नसलं तरी पैसे मिळतील. कुणी खाल्लं असेल आणि त्रास होत असेल तर लगेच १०८ला फोन करा. कंपनीची दिलगिरी सर्वांत शेवटी, दोन ओळींत.

कायदा सल्लागारांना ‘आरोग्यास अपाय होण्याची शक्यता’ एवढंच हवं होतं. पण ते वाचून ना आईला लक्षणं कळतात, ना आपल्या मुलाचा याच्याशी संबंध आहे का ते. ‘अद्याप एकही तक्रार आलेली नाही’ हे वाक्यही मी काढायला लावलं. ते खरं होतं, पण वाचणारा तिथेच निर्धास्त होतो आणि पाकीट तपासत नाही. युरोपीय संघाने २०२३च्या उत्पादन सुरक्षा नियमांत रिकॉल नोटीसमध्ये ‘स्वेच्छेने’, ‘खबरदारी म्हणून’ असे धोका सौम्य करणारे शब्द आणि अपघाताची नोंद नसल्याचा उल्लेख टाळायला सांगितलं आहे. ते कारण आमच्या बैठकीतही तितकंच लागू होतं.

मग मी नोटीस आणि एक पाकीट कँटीनमधल्या मावशींच्या हातात दिलं आणि विचारलं, हे पाकीट परत द्यायचं की नाही? माझी पहिली चूक तिथे कळली. मी आधी ‘TG0107 ते TG0109’ असं लिहिलं होतं. त्यांच्या हातात TG0108 होतं, तो आकडा कागदावर दिसला नाही म्हणून त्या म्हणाल्या, ‘हे चालेल.’ म्हणून तिन्ही नंबर सुटे लिहिले. मराठी नोटिशीत कुणीतरी ‘टीजी ०१०७’ केलं होतं, तेही बदललं. पाकिटावर जसं छापलंय तसंच कागदावर हवं, कारण लोक अक्षरं वाचत नाहीत, आकार जुळवून बघतात. शिवाय मावशी नंबर शोधत होत्या किमतीच्या ओळीत, आणि तो होता मागच्या शिवणीवर, फिकट शाईत. तेव्हा शिवणीचा फोटो काढून त्यावर बाण दिला आणि खाली लिहिलं, ‘नंबर पुसला असेल तर पाकीट परत द्या.’

चूक एकाच शिफ्टमधली असताना तीन बॅचेस का, असं विक्रीवाल्यांनी विचारलं. रोल नेमका कधी चढवला याची नोंद नव्हती. ज्या बॅचबद्दल खात्री देता येत नाही, ती यादीतून काढायची नाही.

संक्रांत असल्याने एक ओळ मात्र मला फार उशिरा सुचली. या वड्या पाकिटातून काढून वाटल्या जातात. ज्याच्या हातात वडी पडली, त्याने पाकीट पाहिलेलंच नसतं. ‘वडी वाटली असेल, तर ज्यांना दिली त्यांना आजच सांगा’ ही ओळ आम्ही छापायला पाठवण्याच्या तासभर आधी घातली.

दुसऱ्या दिवशी फोनवर एक बाई म्हणाल्या, ‘आमच्या सोसायटीत मी चाळीस घरी दिल्यात. तुमची पहिली तीन वाक्यं तशीच्या तशी ग्रुपवर टाकू का?’ मी त्यांना बॅच नंबरची ओळ आणि बाणाचा फोटोही सोबत टाकायला सांगितलं.