बडोद्यात गुजराती बोलताना ‘पुन्हा सांगा’ कसं म्हणावं: या चुका टाळा

पुण्या-साताऱ्याकडून लग्न होऊन किंवा बदली होऊन बडोद्याला आलेल्या मराठी माणसाला गुजराती महिन्याभरात बरीचशी कळायला लागते. निम्मे शब्द ओळखीचेच असतात. घोळ होतो तो वाक्यातला एखादा शब्द निसटला की. त्या क्षणी तोंडातून काय निघतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि वर्षानुवर्षं नवी माणसं त्याच चार-पाच जागी अडखळतात.

नुसतं ‘शुं?’ विचारणं

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत महाग पडते. दांडिया बाजारातल्या एका घरातलं उदाहरण घ्या. गीझर बिघडला होता. सून साताऱ्याकडची, बडोद्यात येऊन दोन महिने झालेले. मेकॅनिकचा फोन आला: “बेन, हुं काले साडा अगियार वाग्ये आवीश, ते पहेलां गीझरनो वाल बंध करी राखजो.”

म्हणजे उद्या साडेअकराला येईन, त्याआधी गीझरचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा. तिनं विचारलं, “शुं?” त्यानं तेच वाक्य त्याच वेगात, पण मोठ्यानं म्हटलं. तिनं पुन्हा “हें?” केलं. तो आणखी मोठ्यानं बोलला. तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटली आणि ती “हा हा, सारुं” म्हणून मोकळी झाली. तिला कळलं होतं ते असं, की हा माणूस ‘काल साडेअकराला आलो होतो’ म्हणतोय. काल तर कोणीच आलं नव्हतं, म्हणून तिनं ते सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती खंडेराव मार्केटला भाजी आणायला गेली. मेकॅनिक दाराचं कुलूप बघून परत गेला आणि पुढची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली.

यात त्या मेकॅनिकचं काही चुकलं नाही. ‘शुं?’ ऐकून समोरच्याला एवढंच कळतं की काहीतरी पोचलं नाही. नेमकं काय, ते कळत नाही. फोनवर तर त्याला वाटतं की आवाजच जात नाहीये. म्हणून तो आवाज चढवतो, वेग तोच ठेवतो, आणि ज्या शब्दावर तुम्ही अडलात तो पुन्हा तसाच गर्दीत येऊन जातो. असं दोनदा झालं की माणूस हार मानून ‘हा हा’ म्हणतो. ‘हा हा’ म्हटल्यावर समोरच्यानं समजावून सांगायचं काही कारणच उरत नाही.

खरं तर तिला बरंच ऐकू आलं होतं. ‘काले’, ‘साडा अगियार’ आणि ‘बंध’ हे तिन्ही शब्द तिच्या हाती होते. जे हाती आहे ते धरून जे निसटलं तेवढंच विचारायचं असतं:

“काले एटले आवती काले ने?”
“हा, आवती काले.”
“साडा अगियार वाग्ये?”
“हा.”
“ने शुं बंध करवानुं?”
“गीझरनो वाल.”

तीन छोटे प्रश्न, आणि प्रत्येकाचं उत्तर एक-दोन शब्दांचं. समोरचा कितीही भरभर बोलणारा असला तरी दोन शब्दांचं उत्तर कानातून निसटत नाही. वाक्याचं फक्त शेपूट निसटलं असेल तर याहून सोपी तऱ्हा आहे: “साडा अगियार सुधी समजायुं, पछी शुं कह्युं?” एवढं विचारलं की तो नेमका तिथूनच पुढे सांगतो.

‘काले’बद्दल दोन शब्द. मराठी ‘काल’ म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजराती ‘काले’ मात्र हिंदीतल्या ‘कल’सारखा दोन्हीकडे चालतो. स्पष्ट करायचं तर ‘गई काले’ म्हणजे काल आणि ‘आवती काले’ म्हणजे उद्या. नुसतं ‘काले’ आलं तर क्रियापदाकडे कान द्या: ‘आवीश’ म्हणजे येईन, ‘आव्यो हतो’ म्हणजे आलो होतो. पण नवख्या कानाला ते शेवटचं अक्षर पकडणं जड जातं, म्हणून विचारून घेणंच बरं. ‘काले’ ऐकलं की दर वेळी ‘आवती काले ने?’ विचारावं, अगदी खात्री असली तरी. पहिल्या सहा महिन्यांत याला अपवाद करू नये.

पुन्हा विचारण्यात कमीपणा वाटतो, म्हणून लोक मान डोलावतात. २०१५ साली भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ भाषांमधल्या रोजच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं तपासली. आपापल्या मातृभाषेत बोलणारी माणसंसुद्धा सरासरी दर १.४ मिनिटाला एकदा कोणाला तरी ‘काय म्हणालात?’ अशा अर्थाचं विचारत होती. आणि जमेल तिथे ती नुसतं ‘हं?’ न म्हणता नेमका भाग विचारत होती. म्हणजे विचारणं हे नवखेपणाचं लक्षण नाहीच. नवखेपण दिसतं ते मोघम विचारण्यात.

क्यारे, क्यां, केटला, कोण, शुं हे पाच शब्द कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा आणि फोन घेताना पेन हातात धरा. कळलेलं लिहीत गेलात की काय रिकामं राहिलं ते समोर दिसतं, आणि त्या रिकाम्या जागेचाच शब्द विचारायचा असतो. पाठांतराच्या लांबलचक याद्यांपेक्षा या चिठ्ठीचा उपयोग जास्त होतो.

‘ने’च्या जागी ‘ना’

ही चूक मराठी माणूस हमखास करतो आणि ती त्याला स्वतःला ऐकूही येत नाही. ‘उद्या येणार ना?’ हे आपलं रोजचं वळण. तेच उचलून तो गुजरातीत “काले ना?” विचारतो. गुजरातीत ‘ना’ म्हणजे नाही. दुकानदाराला ऐकू येतं ‘काले? ना.’ म्हणजे उद्या नको. शिंप्याकडे हे झालं तर तो वहीत पुढची तारीख टाकतो आणि तुम्ही उद्या कपडे मिळणार म्हणून खुशीत घरी जाता.

खात्री करून घ्यायची तर ‘ने’: “काले ने?”, “बसो रूपिया ने?”, “अहींथी डाबी बाजु ने?” हाच ‘ने’ विनंतीलाही लागतो. ‘फरीथी कहो’ म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं, “फरीथी कहो ने” म्हटलं की लगेच मऊ होतं. वयस्कर माणसापुढे काका, मासी, नाहीतर भाई, बेन जोडा: “मासी, फरीथी कहो ने.” तोंडातला ‘ना’ घालवायला दोन-तीन आठवडे लागतात. घरच्यांना सांगून ठेवा की प्रत्येक ‘ना’ला टोका.

जाता जाता, वाक्याच्या शेवटी येणारं ‘हों’ हे आपलं ‘हो’ नव्हे. “आवजो हों” यातलं ‘हों’ नुसतं ‘बरं का’सारखं आहे. आणि निघताना कोणी “आवजो” म्हणालं तर मागे वळून ‘शुं?’ विचारू नका. तो निरोप आहे.

‘धीमे बोलो’

मराठीत ‘हळू बोला’ म्हणजे सावकाशही आणि बारीक आवाजातही. गुजराती ‘धीमे’लाही असेच दोन अर्थ आहेत. त्यामुळे “धीमे बोलो ने” म्हटल्यावर बरेचदा समोरचा वेग तसाच ठेवून आवाज खाली आणतो, आणि आधी जे कळत होतं तेही कळेनासं होतं. ‘धीरे धीरे बोलो ने’ असं दोनदा म्हटलं तर सावकाश हा अर्थ जास्त स्पष्ट होतो. पण वेग कमी करायला सांगणंच मुळात कच्चं औषध आहे. माणूस दोन वाक्यं सावकाश बोलतो आणि तिसऱ्याला आपल्या चालीवर परत येतो, त्याचा काही इलाज नाही. त्यापेक्षा तुकडे मागा: “एक एक करीने कहो ने.” पत्ता, औषधाच्या वेळा, फॉर्मला लागणारे कागद, अशी यादी असेल तिथे हे वाक्य फार कामाचं. त्यानं एक तुकडा सांगितला की तुम्ही तो म्हणून दाखवा आणि मगच त्याला पुढे जाऊ द्या.

अडलेला शब्द विचारताना

आपलं नुसतं ‘म्हणजे काय?’ जसं भांडणाच्या सुरात ऐकू येतं, तसंच नुसतं “एटले?” तिकडे ऐकू येतं. आधी तो शब्द घ्या, मग विचारा: “वाल एटले शुं?” शब्द उच्चारताच येत नसेल तर “छेल्ले शुं कह्युं?” वस्तू समोर असेल तर “बतावो ने”. इथे हिंदीचा आधार घेणारे फसतात. हिंदी ‘बताओ’ म्हणजे सांगा, गुजराती ‘बतावो’ म्हणजे दाखवा. हिंदी-गुजराती मिसळून ‘फिरसे बतावो’ म्हणालात तर तो बिचारा कपाटातून तीच साडी पुन्हा काढतो.

कधीकधी अडलेला शब्द नवा नसतोच. चरोतरकडच्या गावांतून येणारी माणसं ‘पाणी’ला ‘पोणी’ आणि ‘केम’ला ‘च्यम’ म्हणतात. तिथे ‘पोणी एटले शुं?’ विचारलं तर समोरचा गोंधळतो, कारण पाण्याचा अर्थ काय सांगणार? अशा वेळी आपला अंदाज पुढे करावा: “पाणी ने?” बरोबर असेल तर तो ‘हा’ म्हणेल, चुकलं असेल तर स्वतःच दुसरा शब्द देईल.

पहिल्याच वाक्यात ‘मने गुजराती नथी आवडतुं’

गुजरातीत ‘आवडवुं’ म्हणजे येणं, म्हणून याचा अर्थ ‘मला गुजराती येत नाही’. हे म्हटलं की समोरचा लगेच हिंदीवर जातो. बडोद्यात तर कधी थेट मराठीवर. त्या दुकानात मग कायमचं तसंच राहतं. ज्यांना झटपट काम उरकायचं आहे त्यांनी खुशाल तसं करावं, पण मग दोन वर्षांनी ‘गुजराती येतच नाही’ म्हणून कुरकुर करू नये. शिकायचं असेल तर एवढंच म्हणा: “मने गुजराती ओछुं आवडे छे, पण गुजरातीमां ज कहो ने.”

आकडे

आकड्यांना ‘फरीथी कहो ने’ पुरत नाही, कारण तोच आवाज पुन्हा त्याच चुकीच्या खणात पडतो. ‘साडत्रीस’ म्हणजे सदतीस. मराठी कान त्यात ‘साडे’ ऐकतो आणि साडेतीनकडे पळतो, त्याला मात्र गुजरातीत ‘साडा त्रण’ म्हणतात. ‘सुडतालीस’ म्हणजे सत्तेचाळीस, हे तर अंदाजानंही सापडत नाही. म्हणून आकडा फोडून विचारा: “त्रीस ने सात?”, “चालीस ने सात?” फोन नंबर घेताना “एक एक आंकडो बोलो ने”. समोरासमोर असाल आणि तरी शंका असेल तर मोबाईलवर आकडा टाइप करून पुढे धरा: “आटला ने?”