एकच वेळ दोन पेशंटना दिली गेली तर माफी कशी मागावी आणि नवी वेळ कशी द्यावी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं रिसेप्शन सांभाळते. डॉक्टर एक, खुर्ची एक. तरी वर्षातून दोन-तीनदा एकच वेळ दोघांना दिली जाते. कारण बहुतेक वेळा तेच असतं. एक अपॉइंटमेंट माझ्या रजिस्टरात असते आणि दुसरी डॉक्टरांनी त्यांच्या मोबाइलवरून परस्पर दिलेली असते. अशा वेळी काय बोलायचं याचे तयार मजकूर पुष्कळ फिरतात. त्यातले बरेचसे मी वापरून पाहिले आणि सोडून दिले.

मागच्या पावसाळ्यातला एक मंगळवार उदाहरणाला घेते. संध्याकाळी ६.३० ला कासारवडवलीच्या एका काकूंची रूट कॅनालची दुसरी सिटिंग होती, दहा दिवसांपूर्वी रजिस्टरात लिहिलेली. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सव्वा तास काढून त्या ६.२० ला हजर झाल्या. पाच मिनिटांत कळव्याचा एक तरुण आला, गाल सुजलेला. डॉक्टरांनी त्याला दुपारी फोनवर ६.३० च सांगितलं होतं.

आधी आत कोण जाणार ते ठरवा

हे डॉक्टरांना विचारायचं, आपण ठरवायचं नाही. सूज, ताप, रक्तस्राव किंवा न थांबणारी कळ असेल तो आधी. दोघांचंही साधं काम असेल तर ज्याची वेळ आधी ठरली तो आधी. आवाज चढवणाऱ्याला आत घेतलं, की गप्प बसलेल्या माणसावर अन्याय होतो आणि बाकीचे पेशंट ते बघत असतात. आमच्याकडे गाल सुजलेला मुलगा आत गेला, म्हणजे सगळं नीट केलेल्या काकूंनाच परत पाठवायची वेळ आली.

माफी

बाकांसमोर उभं राहून सगळ्यांच्या देखत बोलू नका. शेजारी बसा, पाणी द्या आणि काय झालं ते दोन वाक्यांत सांगा. मी म्हटलं, "काकू, साडेसहाची वेळ आम्ही तुम्हाला दिली होती आणि आज दुपारी तीच वेळ आणखी एकाला दिली. रजिस्टर न बघता दिली, चूक आमची आहे, मला माफ करा."

'इमर्जन्सी आली' हे कारण तेव्हा अगदी जिभेवर येतं, कारण ते अर्धं खरं असतं. तरी ते पुढे करू नका. मुलाचा गाल सुजला होता हे खरं, पण डॉक्टरांशी तो दुपारी अडीचला बोलला होता. त्याच वेळी रजिस्टर बघितलं असतं तर मी काकूंना तीनच्या आत फोन केला असता आणि त्या घरातून निघाल्याच नसत्या. हे पेशंटच्या लगेच लक्षात येतं. "मग मला दुपारीच का नाही कळवलं?" या प्रश्नाला इमर्जन्सीवाल्याकडे उत्तर नसतं.

दुसऱ्या पेशंटचं नाव, त्याला काय झालंय, तो कुठून आलाय, यातलं काहीही सांगायचं नाही. "आत ज्यांना घेतलंय त्यांना थांबवणं डॉक्टरांना योग्य वाटलं नाही", एवढं पुरे.

आणि 'गैरसोय झाल्यास दिलगीर आहोत' हे वाक्य लिहू नका, बोलू तर नकाच. 'झाल्यास' कशाला? सव्वा तास येण्यात गेला, तेवढाच जाण्यात जाणार, रिक्षाचं भाडं दुप्पट. गैरसोय झालेली आहे, मग तसंच म्हणा. 'तांत्रिक कारणास्तव' हेही तसंच. रजिस्टर उघडलं नाही, यात तांत्रिक काय आहे?

डॉक्टरांनी एक मिनिट बाहेर येऊन स्वतः बोलावं. आमचे डॉक्टर ग्लोव्ह्ज काढून येतात. माझ्या दहा वाक्यांनी होत नाही ते त्या एका मिनिटाने होतं.

नवी वेळ: माझं चुकलेलं पाऊल

पुष्कळजण इथे "तुम्हाला प्रायॉरिटी देऊ" म्हणून मोकळे होतात. मीही म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी अशाच गोंधळात मी कोलशेतच्या एका आजोबांना म्हटलं, "उद्या संध्याकाळी या, तुम्हाला पहिलं घेते." रजिस्टरात काहीच लिहिलं नाही, डोक्यात ठेवलं. त्याच रात्री कॅप निघालेल्या एका बाईंनाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता दोघं आले, आणि पाचची अपॉइंटमेंट आधीच तिसऱ्याच्या नावावर होती. आजोबा दहा मिनिटं बसले, "राहू दे बाळा," म्हणाले आणि उठून गेले. अर्धं झालेलं काम त्यांनी दुसरीकडे पूर्ण करून घेतलं, हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं. त्या 'राहू दे'नंतर मी प्रायॉरिटी हा शब्द वापरणं सोडलं.

आता मी आधी डॉक्टरांना विचारते, की हे काम किती दिवस थांबू शकतं. रूट कॅनालच्या दोन सिटिंगांच्या मध्ये दातात औषध असतं आणि वर तात्पुरतं सिमेंट. ते सिमेंट झिजतं, कडेने पाझरायला लागतं, लाळ आत गेली की केलेलं काम बिघडू शकतं. त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' हे उत्तर इथे चालत नाही. काकूंच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात. शिवाय काकूंना मधुमेह आहे. अशा पेशंटना आमचे डॉक्टर सकाळी, नाश्ता आणि गोळी घेतल्यावर बोलावणं पसंत करतात, कारण इंजेक्शनने तोंड बधिर झालं की काही वेळ नीट खाता येत नाही आणि जेवणाची वेळ टळते. खरं तर साडेसहाची वेळ त्यांना पहिल्यापासूनच सोयीची नव्हती. मी ती देताना हे विचारलं नव्हतं.

मग रजिस्टर उघडते आणि सत्रातली पहिली वेळ शोधते. आमच्याकडे सत्रं सकाळी १० ला आणि संध्याकाळी ५ ला सुरू होतात. मधली वेळ देऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. ११.३० ची वेळ देऊन "तुम्हाला लगेच घेऊ" म्हणायचं, आणि ११ वाजताच्या पेशंटची अक्कलदाढ अडकून बसली की पुन्हा पाऊण तास बाकावर. पहिल्या वेळेच्या आधी कोणीच नसतं, म्हणून उशीर व्हायला कारण उरत नाही. ती वेळ आधीच दुसऱ्या कोणाला दिलेली असेल तर त्या माणसाला पुढे ढकलायचं नाही. एकाची चूक निस्तरताना तिसऱ्याला तोच त्रास होतो. त्यापेक्षा डॉक्टरांना अर्धा तास लवकर यायला सांगा. साडेनऊ ही मग खरीखुरी नवी वेळ होते, कोणाकडून काढून घेतलेली नाही.

अशा दोन वेळा काढायच्या आणि पेशंटशी बोलण्याआधी दोन्ही पेनने लिहून टाकायच्या, पेन्सिलने नाही. काकूंसाठी मी गुरुवारी सकाळी १० आणि शनिवारी सकाळी ९.३० लिहिली. कामाला एक तास, पुढची पंधरा मिनिटं मोकळी, आणि समासात 'राखीव, बुधवार दुपारी १ पर्यंत'. ही मुदत लिहिली नाही तर दोन्ही जागा अडकून राहतात किंवा कोणीतरी मध्येच एक देऊन टाकतं.

मग काकूंना म्हटलं, "गुरुवारी सकाळी दहा किंवा शनिवारी साडेनऊ, दोन्ही वेळा मी तुमच्या नावावर लिहिल्यात. आत्ताच सांगायला हवं असं नाही, उद्या दुपारी एकपर्यंत कळवा." 'तुम्हाला कधी जमेल?' असं मोघम विचारू नका. चिडलेल्या माणसाला कॅलेंडर आठवायला लावणं म्हणजे त्याच्याकडूनच काम करून घेणं. पेशंट "बरं, बघते" म्हणाला तर समजा, तो जाणार. तिथे गळ घालू नका. त्यांचा एक्स-रे आणि आतापर्यंतच्या कामाची चिठ्ठी हवी असेल तर देऊ, असं सांगा. आणि ती खरंच द्या.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. उपचाराच्या फीमध्ये सूट देऊ नका, कारण मग पेशंटला वाटतं की कामातही काही कमी होणार. त्या दिवशीचं येण्याजाण्याचं रिक्षाभाडं द्या. काकूंनी आधी नको म्हटलं, मी पाकिटात घालून हातात ठेवलं.

मेसेज

तोंडी बोलल्यानंतरच पाठवायचा, आधी नाही. उपचाराचं नाव त्यात लिहू नका, कारण पुष्कळ ज्येष्ठांच्या नावापुढे दिलेला नंबर मुलाचा किंवा सुनेचा असतो. काकूंना पाठवलेला हा:

नमस्कार काकू. आज मंगळवार, संध्याकाळी ६.३० ची तुमची वेळ आम्ही चुकून आणखी एकाला दिली आणि तुम्हाला परत जावं लागलं. चूक आमची आहे, आम्ही माफी मागतो. तुमच्यासाठी गुरुवार सकाळी १० आणि शनिवार सकाळी ९.३० या दोन वेळा राखून ठेवल्या आहेत. दोन्ही वेळी तुमच्या आधी कोणी नाही. यातली कोणती सोयीची ते उद्या दुपारी १ पर्यंत याच नंबरवर कळवा. दोन्ही जमत नसतील तर फोन करा, दुसरी वेळ काढू. नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊन या.

'तसदीबद्दल क्षमस्व' वगैरे शेवटी जोडायचं नाही. माफी एकदा मागून झाली आहे.

एक वाजेपर्यंत उत्तर आलं नाही तर एक फोन, फक्त एक. मग एक जागा मोकळी करा, दुसरी संध्याकाळपर्यंत ठेवा.

त्या दिवशी

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांना वेळ तोंडी सांगा आणि त्यांच्या मोबाइलमधल्या दिनदर्शिकेत स्वतः टाका. सकाळी निर्जंतुक उपकरणांचा ट्रे आणि पेशंटची फाइल पावणेदहालाच बाहेर काढून ठेवा. काकूंनी गुरुवार निवडला. ९.५० ला आल्या, १०.०२ ला खुर्चीत होत्या, सव्वाअकराला कॅपचं माप देण्याची पुढची तारीख घेऊन निघाल्या. ती तारीख मी त्यांच्यासमोरच रजिस्टरात लिहिली, डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये टाकली आणि दोन्ही त्यांना दाखवली.