गप्प होऊन तोडलेल्या मित्राला पहिला मेसेज: या चुका टाळा

भांडण होऊन मैत्री तुटली की निदान दोघांना कारण ठाऊक असतं. एकजण काही न बोलता गप्प झाला, तर कारण फक्त त्यालाच ठाऊक असतं. दुसरा ते शोधत बसतो, आणि बहुतेक वेळा स्वतःमध्येच शोधतो. आपण काही लागट बोललो का, कुणी आपल्याबद्दल काही सांगितलं का, असं त्याच्या मनात फिरत राहतं. वर्षांनंतर तुम्ही त्याला पहिला मेसेज करता तेव्हा त्या मेसेजचं मुख्य काम त्याची या शोधातून सुटका करणं हे असतं. तुमच्या मनावरचं ओझं उतरणं त्यानंतर येतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

एक जोडी डोळ्यांसमोर ठेवू. ती कल्पित आहे, पण पुण्यात पेठेत राहून स्पर्धा परीक्षा दिलेल्यांना ओळखीची वाटेल. सदाशिव पेठेत एका खोलीत राहणारे दोन मित्र, अभ्यासिकेत शेजारशेजारच्या जागा, मेसही एकच. राज्यसेवेचा अंतिम निकाल लागला. एकाची पोस्ट निघाली, दुसरा मुलाखतीपर्यंत जाऊन थोडक्या गुणांनी राहिला. राहिलेल्याने ‘अभिनंदन भावा’ एवढं पाठवलं आणि खोली सोडून गावी गेला. नंतर मित्राचे फोन आले, ते उचलले नाहीत. ‘बरा आहेस ना?’, ‘आई विचारत होती तुझं’ असे मेसेज आले, लग्नाची पत्रिकाही आली. कशालाच उत्तर गेलं नाही. मेसचे उसने घेतलेले 4,000 रुपयेही तसेच राहिले. आता तीन वर्षं झालीत. राहिलेला नाशिकला एका बँकेत लागलाय आणि त्याला मित्राशी बोलायचंय.

निमित्ताची वाट पाहणं

पहिली चूक मेसेजच्या आधीच होते. दिवाळीला करू, त्याच्या वाढदिवसाला करू, बदली होऊन तो जवळ आला की भेटूच, असं म्हणत दिवस जातात. त्यात उशिराचीच लाज वाढते आणि मेसेज आणखी अवघड होतो. दुरावलेल्या जुन्या मित्रांशी संपर्क साधण्यावर लारा ऍक्निन आणि गिलियन सँडस्ट्रॉम यांनी 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना संपर्क करायची इच्छा होती, मित्राला आवडेल असं वाटत होतं, नंबर जवळ होता आणि मेसेज लिहायला वेळही दिला होता. तरीही एक तृतीयांशापेक्षा कमी जणांनी मेसेज पाठवला. एक उपाय मात्र कामी आला. आधी काही मिनिटं सध्याच्या मित्रमैत्रिणींना मेसेज करायला लावलं, तेव्हा जुन्या मित्राला लिहिणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 31 टक्क्यांवरून 53 टक्क्यांवर गेलं. तेव्हा हात थबकत असेल तर आधी सध्याच्या दोनतीन मित्रांशी बोला आणि त्याच ओघात हा मेसेज लिहा.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. त्या अभ्यासातले मित्र बहुधा आपोआप दुरावलेले होते. आपल्या जोडीत एकाने दुसऱ्याला टाळलं आहे. म्हणून ‘अरे, किती दिवसांनी!’ एवढ्यावर इथे भागत नाही.

काही घडलंच नाही असं दाखवणं

स्टेटसवर हृदय टाकणं, सुप्रभातचा फॉरवर्ड, ‘काय साहेब, विसरलात का?’ असली सुरुवात. यात सोय फक्त पाठवणाऱ्याची होते. मित्राने हसून उत्तर दिलं तर तीन वर्षांचा विषय त्याला गिळावा लागतो. त्याने विषय काढला तर हसऱ्या मेसेजवर विरजण टाकणारा तोच ठरतो. ‘विसरलात का?’ तर त्याहून वाईट, कारण विसरल्यासारखं वागला तो लिहिणारा.

पैशांचंही तसंच. आधी 4,000 रुपये गुगल पेवर टाकून द्यायचे आणि बोलणं मागाहून, असं करू नका. एकही शब्द न लिहिता आलेले जुने पैसे हिशेब मिटवल्यासारखे वाटतात. मैत्री उरली नाही, आता देणंही उरायला नको, असा त्याचा अर्थ लागू शकतो. आधी शब्द, मग पैसे.

स्वतःला झोडपणारी लांबलचक माफी

प्रामाणिक माणसं सगळ्यात जास्त इथे चुकतात. आपल्या नाशिकच्या मित्राचा पहिला मसुदा असा असू शकतो:

‘भावा, मला माहितीय मी माफीच्या लायकीचा नाही. मी किती नीच वागलो हे आठवून मला झोप लागत नाही. तुझ्यासारखा मित्र मला मिळायलाच नको होता. लग्नाला आलो नाही, याची शरम मला आयुष्यभर राहील. तू मला शिव्या घातल्यास तरी चालेल, पण एकदा माफ केलं म्हण.’

लिहिणाऱ्याला यातला शब्द न् शब्द खरा वाटत असणार. आता हा मेसेज सरकारी कचेरीत फायलींमध्ये बसलेल्या त्याच्या मित्राच्या बाजूने वाचा. तीन वर्षं त्याला पडलेला प्रश्न ‘का?’ हा होता, आणि त्याचं उत्तर यात कुठेच नाही. उलट त्याच्यावर नवं काम येऊन पडतं. त्याला लिहावं लागेल, ‘अरे, असं काही नाही, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.’ म्हणजे दुखावला तो, आणि समजूतही त्यानेच घालायची. त्याला राग आला असेल तर तो व्यक्त करायलाही जागा उरत नाही. आधीच स्वतःला मारत बसलेल्या माणसावर कोण रागावणार?

मसुदा तपासायची एक साधी रीत आहे. प्रत्येक वाक्यापुढे थांबून विचारा, ‘हे वाचून त्याला काय उत्तर द्यावं लागेल?’ जे वाक्य त्याच्याकडून धीर, दिलासा किंवा माफी ओढून घेतं ते काढून टाका. ‘झोप लागत नाही’ खोडा. ‘लायकीचा नाही’ खोडा. ‘माफ केलं म्हण’ तर नक्कीच खोडा. या मसुद्यात मग फक्त एक गोष्ट उरते, लग्नाला न येणं. तीच ठेवायची, पण शरमेचा भाग वगळून.

रॉय लेविकी, बेथ पोलिन आणि रॉबर्ट लाउंट या संशोधकांनी 2016 मध्ये माफीचे सहा घटक वेगळे करून लोकांना कोणते महत्त्वाचे वाटतात ते तपासलं. चूक आपली होती हे स्पष्ट मान्य करणं सगळ्यात वजनदार ठरलं, त्यानंतर नुकसान भरून देण्याची तयारी. क्षमेची याचना सर्वांत शेवटी. त्यांनी घेतलेला प्रसंग नोकरीतल्या चुकीचा होता, मैत्रीचा नव्हता, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. पण आपल्या मसुद्यात सगळा भार शेवटच्या घटकावर होता आणि पहिल्या दोहोंचा पत्ता नव्हता, हे मात्र त्यावरून नीट दिसतं.

आता तोच मेसेज नव्याने:

‘अरे, निकालानंतर मी तुझे फोन उचलणं बंद केलं. लग्नाच्या पत्रिकेलाही उत्तर दिलं नाही. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तुझी पोस्ट निघाली आणि माझी राहिली हे मला झेपलं नाही, म्हणून मी लांब गेलो. तुला न सांगता असं जाणं चूक होतं, सॉरी. मेसचे चार हजार माझ्याकडे आहेत, सांगशील तसे पाठवतो. तुझी आठवण येते. बोलावंसं वाटलं तर मला खूप आवडेल. नाही वाटलं तरी माझी तक्रार नाही.’

यात सर्वांत मोलाचं वाक्य ‘तुझं काहीच चुकलं नव्हतं’ हे आहे. ते खरं असेल तेव्हाच लिहायचं. त्याचं काही खुपलं असेल, समजा निकालाच्या पार्टीत त्याने चारचौघांत तुमची चेष्टा केली होती, तर ते पहिल्या मेसेजमध्ये काढू नका आणि खोटंही लिहू नका. ‘मी बोलायला हवं होतं, गप्प बसायला नको होतं’ एवढं पुरतं. बाकीचं समोरासमोर.

दुसरं महत्त्वाचं म्हणजे कारण एकाच वाक्यात आहे. ‘मला झेपलं नाही’ हे कारण आहे. त्यापुढे ‘घरी बाबा बोलत होते, पैसे संपले होते, तू पण सारखा निकालाचंच बोलायचास’ असं जोडत गेलं की तो बचाव होतो, आणि शेवटच्या तुकड्यात दोष हळूच मित्राकडे सरकतो. त्याने विचारलं तर सविस्तर सांगा.

व्हॉइस नोट पाठवायचा मोह होईल. सहा मिनिटांच्या नोटेत आवाज दाटतो, मूळ मुद्दा मागे पडतो, आणि ऐकणाऱ्याला ती चाळताही येत नाही. पहिल्यांदा लिहूनच पाठवा, आणि शक्यतो दिवसा. रात्री दीडला आलेला मेसेज पाहून माणूस आधी घाबरतो.

पाठवल्यानंतर उतावीळ होणं

निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. मग ‘वाचलंस ना?’, मग ‘समजू शकतो’, मग मेसेजच डिलीट. डिलीट केलेल्या मेसेजची खूण तिथे राहते, आणि पुन्हा एकदा काही न सांगता मागे हटलेला माणूस त्याला दिसतो. काही पाठवू नका. जुन्या अभ्यासिकेतल्या तिसऱ्या मित्राला ‘त्याला जरा विचार ना’ असंही सांगू नका. त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली, त्याला काही आठवडे घेऊ द्या. दोनेक महिन्यांनी एखादी साधी ओळ चालेल, उत्तराची अपेक्षा न ठेवता. तरीही शांतता असेल तर तेच त्याचं उत्तर समजा.

उत्तर आलं तरी ते गोडच असेल असं नाही. ‘तीन वर्षांनी आठवण आली का?’ असं आलं तर परत माफीचा पाढा सुरू करू नका, बचावही नको. ‘हो, खूप उशीर केला. तुझा राग बरोबर आहे’ एवढं लिहून थांबा. त्याला आणखी बोलायचं असेल तर तो बोलेल, आणि ते ऐकून घेणं हाच त्या दिवशीचा संवाद. ‘हं. बरा आहेस ना?’ असं कोरडं उत्तर आलं तर त्याच्याच चालीने जा. नोकरीचं, घरचं दोन ओळींत सांगा, त्याच्या आईची चौकशी करा. लगेच भेटीचा आग्रह धरू नका. आणि सातबाऱ्याचं अडलेलं काम, दाखला, बदली यातलं काही पुढचे कित्येक महिने त्याच्यापुढे काढू नका. एकदा काम सांगितलं की पहिल्या मेसेजचा अर्थ मागे जाऊन बदलतो.

काही वेळा मेसेज न करणंच योग्य असतं. त्याने ब्लॉक केलं असेल किंवा संपर्क नको असं सांगितलं असेल, तर दुसऱ्या नंबरवरून गाठू नका. आणि तुम्ही गप्प झालात ते त्याच्या त्रासातून सुटायला असेल, तो धमकावत किंवा लुबाडत असेल, तर त्या मौनाची माफी मागायचं कारणच नाही.

आपल्या जोडीत समजा मित्राने लिहिलं, ‘पैसे राहू दे, पुण्यात आलास की मेसला जेवू.’ पैसे तरीही द्या. ‘जेवू नक्की, पण हे घे’ म्हणून त्याच दिवशी पाठवा, आणि जेवायला कधी जायचं ती तारीख तुम्हीच सुचवा. इतकी वर्षं फोन करायचं काम त्याने केलं होतं.